साडेचार हजार निट्स, पण किती जागेत?

जानेवारी 2024 मध्ये वनप्लस 12 भारतात आला, तेव्हा त्याच्या जाहिरातीत एक आकडा सगळ्यात ठळक होता: 4500 निट्स. निट म्हणजे पडद्याचा उजळपणा मोजण्याचं एकक. आकडा जितका मोठा, तितका पडदा उन्हात जास्त स्पष्ट दिसणार, असा सरळ हिशेब ग्राहक करतो आणि कंपन्यांनाही तो तसाच व्हायला हवा असतो. पण त्याच फोनच्या तपशिलात आणखी एक आकडा होता, 1600 निट्स. एकाच पडद्याचे दोन आकडे, आणि दोन्ही खरे. मग दुपारी बारा वाजता बसस्टॉपवर उभं राहून मेसेज वाचताना यातला कुठला आपल्या कामाचा?

त्यासाठी ओएलईडी पडदा कसा चालतो हे थोडं समजून घ्यावं लागतं. त्यातला प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच वीज खातो. पडद्याचा इवलासा भागच पांढरा असेल, म्हणजे काळ्या आभाळात एखादा चंद्र, तर सगळी ताकद तेवढ्याच भागाला देता येते. तिथे काही क्षण 4500 निट्स मिळू शकतात. पण वेबपेज उघडलं, बँकेचं ॲप उघडलं की जवळजवळ अख्खा पडदा पांढरा होतो. तेवढी वीज सगळ्या ठिपक्यांना पुरवणं बॅटरीला झेपत नाही आणि उष्णताही आवरत नाही, म्हणून फोन आपोआप उजळपणा कमी करतो. दुसरा आकडा या अवस्थेच्या जवळचा. तोही ऑटो ब्राइटनेस चालू असेल आणि फोनच्या सेन्सरवर कडक प्रकाश पडत असेल तरच मिळतो. बोटाने पट्टी शेवटपर्यंत सरकवून मिळणारा उजळपणा याहून बराच कमी असतो.

प्रयोगशाळेची किंमत इथे कळते. जीएसएमअरेनासारखे चाचणी घेणारे लोक अंधाऱ्या खोलीत पडद्याला मोजणी यंत्र लावतात, ठरावीक आकाराचा पांढरा चौकोन दाखवतात आणि दोन नोंदी घेतात: पट्टी पूर्ण सरकवल्यावर किती, आणि सेन्सरवर दिव्याचा झोत टाकून ऑटो मोड जागा केल्यावर किती. त्यांचा चौकोन पडद्याचा बराच मोठा भाग व्यापतो. त्यामुळे त्यांचा आकडा जाहिरातीतल्या कमाल आकड्याच्या जवळपासही जात नाही. याचा अर्थ कंपनी खोटं बोलली असा नाही. नोटबुकचेक पडद्याचा लहान भाग पांढरा ठेवूनही मोजतं, म्हणून त्याच फोनचा त्यांचा तो आकडा मोठा येतो. दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून कोण बरोबर असं विचारण्यात अर्थ नाही. एकाच प्रयोगशाळेने, एकाच पद्धतीने तपासलेले दोन फोन शेजारी ठेवावेत. आणि 1200 निट्सचा फोन 1000 वाल्यापेक्षा थोडा सरस असेल, पण तेवढा फरक डोळ्यांना क्वचितच जाणवतो. आपली नजर काही यंत्रासारखी मोजत नाही.

पण प्रयोगशाळा वातानुकूलित असते. ॲपलच्या सूचनांनुसार आयफोन 0 ते 35 अंश सेल्सियस तापमानात वापरायचा असतो, आणि फोन फार तापला तर पडदा मंद होऊ शकतो हेही कंपनीच सांगते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याचा मे महिना 35 वर थांबत नाही. सकाळी गारव्यात 1500 निट्स देणारा फोन दुपारी दुचाकीच्या होल्डरवर, नकाशा आणि डेटा चालू असताना, दहा मिनिटांत निम्म्यावर आला तर ते प्रयोगशाळेच्या तक्त्यात सापडेलच असं नाही. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाने लिहिलेल्या चार ओळींत ते सापडतं: ‘उन्हात नकाशा लावला की स्क्रीन मंद होते, ब्राइटनेस वाढवताच येत नाही.’ असं एकाच माणसाने लिहिलं असेल तर सोडून द्यावं. एप्रिल-मे महिन्यांत, वेगवेगळ्या गावांतून तेच वाक्य येत असेल, तर तो पुरावा आहे.

वापरणाऱ्यांनी प्रयोगशाळांनाही मागे टाकल्याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. 2022 मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस22 ची वेगाची गुणसंख्या बेंचमार्क ॲपमध्ये झकास येत होती, पण कोरियातल्या ग्राहकांची तक्रार होती की गेम अडखळतात. फोनमध्ये ‘गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस’ नावाची सोय होती. ती हजारो ॲप्सच्या यादीवर नजर ठेवून, फोन तापू नये म्हणून त्यांचा वेग दाबत असे. बेंचमार्क ॲप्स त्या यादीत नव्हती. मग कोणीतरी नामी युक्ती केली: थ्रीडीमार्क या चाचणी ॲपचं अंतर्गत नाव बदलून एका प्रसिद्ध गेमचं नाव दिलं आणि तीच चाचणी पुन्हा चालवली. गुण निम्म्याहून खाली आले. पुढे गीकबेंचने एस22 सह सॅमसंगच्या चार पिढ्यांचे फोन आपल्या यादीतून काढले, कंपनीने ही सोय बाजूला ठेवण्याचा पर्याय देणारा अपडेट काढला आणि भागधारकांच्या सभेत माफीही मागितली. म्हणून बेंचमार्कचा नुसता सर्वोच्च आकडा पाहू नये. थ्रीडीमार्कच्या ताणचाचणीत तोच खेळ सलग वीस वेळा चालवतात. पहिल्या आणि शेवटच्या फेरीतला फरक पाहावा, आणि मग गेम खेळणारे ग्राहक काय म्हणतात ते वाचावं.

ग्राहकांची मतं वाचताना तारांकडे मी फारसं पाहत नाही. पाच तारांतल्या कित्येक वाक्यांत फोनच नसतो. ‘वेळेत मिळाला, पॅकिंग छान’ ही कुरिअरची स्तुती झाली. एक तारा देणाऱ्याचा राग कधीकधी दुकानदारावर असतो. शिवाय बहुतेक अभिप्राय पहिल्या आठवड्यातले, नव्याची नवलाई ओसरायच्या आधीचे. म्हणून ‘सहा महिन्यांनी’ असं लिहिणाऱ्यांना शोधावं. ओएलईडी पडद्यावर अचानक उगवणारी हिरवी उभी रेघ अशाच लोकांच्या तक्रारींतून पुढे आली. वनप्लसने भारतात काही जुन्या मॉडेलांना या दोषासाठी आजीवन वॉरंटी देऊ केली. नव्या फोनची आठवडाभर परीक्षा घेणारी प्रयोगशाळा ही रेघ पाहणार कशी?

वाचताना आणखी एक फसगत टाळायला हवी. नाव तेच, पण आतला फोन वेगळा, असं होतं. गॅलेक्सी एस24 अमेरिकेत स्नॅपड्रॅगन चिपसह विकला गेला, भारतात एक्झिनॉससह. त्यामुळे अमेरिकेतल्या चाचणीतला वेग आणि बॅटरीचा आकडा आपल्या हातातल्या फोनचा नसतो. खोक्यावर आणि सेटिंग्जमध्ये SM-S921B असा मॉडेल क्रमांक दिसतो, अमेरिकेतल्या फोनवर B च्या जागी U असतो. चाचणीच्या लेखात हा क्रमांक किंवा चिपचं नाव दिलं नसेल, तर तिथले आकडे आपल्यासाठी धरू नयेत.

फोन घरी आल्यावर उजळपणाची खातरजमा घरच्या घरीही होते. ऑटो ब्राइटनेस चालू ठेवून, पूर्ण पांढरं चित्र उघडून फोन उन्हात धरायचा, आणि शेजारी ज्याचा मोजलेला आकडा ठाऊक आहे असा दुसरा फोन धरायचा. पाच मिनिटांनी दोन्ही पुन्हा पाहायचे. ऑनलाइन घेतलेल्या फोनला बदलून मिळण्याची मुदत बहुधा सातच दिवसांची असते आणि तीही दोष असेल तरच. तेव्हा हे पहिल्याच उन्हाच्या दुपारी उरकून घ्यावं.