एका लाडवाचा हिशेब

बेसनाचा एक लाडू म्हणजे किती कॅलरी? कोणी दीडशे सांगतं, कोणी अडीचशे. गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण लाडू केवढा हे दोघांनीही सांगितलेलं नसतं. हा आकडा घरच्या घरी काढता येतो. त्यासाठी एक स्वयंपाकाचा वजनकाटा आणि पाकिटांवरची छापील माहिती पुरते.

घरोघरीचं एक प्रमाण घेऊ: अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, ४०० ग्रॅम पिठीसाखर आणि २५ ग्रॅम काजू. तुपाच्या दर ग्रॅमला सुमारे ९ कॅलरी, साखरेच्या ४, बेसनाच्या ३.७ आणि काजूच्या साधारण ६. म्हणजे बेसनाच्या १८५०, तुपाच्या २२५०, साखरेच्या १६०० आणि काजूच्या १५०, मिळून ५८५०. वजनात तूप पाव हिश्श्याहूनही कमी आहे, पण कॅलरींत ते बेसनालाही मागे टाकतं.

आता या ५८५०ला लाडवांच्या संख्येने भागायचा मोह होतो. तो आवरावा. पहिले लाडू सुपारीएवढे आणि शेवटचे लिंबाएवढे झाले, तर सरासरी कोणाच्याच कामाची नसते. त्यापेक्षा वळण्याआधी सगळं मिश्रण तोलावं. साहित्याचं वजन ११७५ ग्रॅम होतं, पण बेसन भाजताना त्यातली ओल उडते आणि थोडं मिश्रण कढईला चिकटतं. समजा ११२५ ग्रॅम भरलं. ओल गेल्याने कॅलरी जात नाहीत. कढईला चिकटलेल्याच्या जातात, पण कढई नीट खरवडली तर त्या मोजण्याइतक्या नसतात. ५८५० भागिले ११२५, म्हणजे ग्रॅमला ५.२. तीस ग्रॅमचा लाडू १५६ कॅलरींचा आणि पंचेचाळीस ग्रॅमचा २३४ कॅलरींचा. सुरुवातीच्या दीडशे-अडीचशेचं कोडं इथे सुटतं.

हिशेब बिघडतो तो बहुतेक वेळा वाटीमुळे. दीडशे मिलीच्या वाटीत पातळ तूप १३५ ग्रॅम मावतं, पण चाळलेलं बेसन जेमतेम साठ ग्रॅम आणि तेच दाबून भरलं तर पंचाहत्तरच्या वर. साखरेचं तर विचारूच नका. वाटीभर दाणेदार साखर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, आणि वाटीभर पिठीसाखर फार तर ऐंशी. ‘एक वाटी साखर’ दळण्याआधीची की नंतरची, हे न सांगणाऱ्या पाककृतीवरून कॅलरी काढणं व्यर्थ आहे.

तक्त्यांतही फरक दिसेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या पुस्तकात शंभर ग्रॅम हरभरा डाळीला ३७२ कॅलरी आहेत, तर २०१७च्या नव्या तक्त्यात सुमारे ३३०. तंतुमय भाग नव्याने वेगळा मोजल्याचा हा परिणाम. आपल्या घाण्यात त्याने दोनशेचा फरक पडेल, म्हणजे तीस ग्रॅमच्या लाडवामागे पाच-सहा कॅलरी. त्यापायी झोप घालवू नये. लाडू पाच ग्रॅमने मोठा वळला गेला, तर फरक याच्या चौपट-पाचपट पडतो.

पुरणपोळीला पाण्याची फसवणूक आहे. पाव किलो डाळ शिजून सहाशे ग्रॅम भरते, पण वाढलेलं सगळं वजन पाण्याचं. म्हणून कॅलरी कोरड्या डाळीच्या वजनावरच काढाव्यात. शिजलेल्या डाळीच्या वजनाला कोरड्या डाळीचा आकडा लावला, तर हिशेब दुपटीहून फुगतो. पाव किलो डाळ, तेवढाच गूळ, तेवढीच कणीक आणि तीस ग्रॅम तेल धरलं तर बेरीज तीन हजारांच्या आसपास येते. एकसारख्या बारा पोळ्या झाल्या तर पोळीला अडीचशे. कटाच्या आमटीत गेलेली डाळ मात्र वजा करावी. शिजलेल्या सहाशेतली साठ ग्रॅम घोटून आमटीत घातली, तर डाळीचा दहावा भाग, सुमारे नव्वद कॅलरी, पोळ्यांतून कमी झाल्या. लाटताना लावलेलं पीठ मोजायचं तर पिठीचं भांडं आधी आणि नंतर तोलावं. आणि पानात वाढल्यावरचं तूप विसरू नये. चहाचा सपाट चमचा म्हणजे चाळीस कॅलरी. आग्रहाने वाढलेले तीन चमचे पोळीला पावणेचारशेच्या जवळ नेतात.

तळणीच्या करंज्या-चकल्यांना ही रीत निम्मीच लागू पडते, कारण पदार्थाने किती तेल प्यायलं ते पाककृतीत नसतं. कढईतलं तेल तळणीआधी आणि गार झाल्यावर तोलून अंदाज काढता येतो, पण टिपकागदाने टिपलेलं आणि झाऱ्याला लागलेलं तेलही त्यात मोजलं जातं. म्हणजे हा आकडा थोडा जास्तच येणार.

पाककृती लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती: वाट्यांसोबत ग्रॅम द्या आणि ‘पंचवीस लाडू होतात’च्या शेजारी एका लाडवाचं वजनही लिहा.