आधी पुरावा, मग ब्लॉक

माझ्या मावसबहिणीची मुलगी नाशिकला मेंदीच्या ऑर्डरी घेते. तिचं जवळजवळ सगळं काम इन्स्टाग्रामवरून येतं. मागच्या लग्नसराईत एका माणसाने तिला आधी मेंदीचे दर विचारले, मग तिच्या फोटोंचं कौतुक सुरू केलं आणि आठवड्याभरात तो "उत्तर का देत नाहीस?" यावर आला. तिने त्याला ब्लॉक केलं. चार दिवसांनी तो दुसऱ्या नावाने आला, मग तिसऱ्या. "मावशी, मी अकाउंटच बंद करते," असं ती फोनवर रडत म्हणाली, तेव्हा मी तिच्याकडे जाऊन बसले.

तिचं चुकलं ते एवढंच, की तिने ब्लॉकपासून सुरुवात केली. इन्स्टाग्रामवर एखाद्याला ब्लॉक केलं की आपल्या फोटोंवरच्या त्याच्या कमेंट आणि लाइक निघून जातात. नंतर अनब्लॉक केलं तरी त्या परत येत नाहीत. म्हणजे पुरावाही गेला. शिवाय आपलं प्रोफाइल दिसेनासं झालं की त्या माणसाला लगेच कळतं आणि चिकाटीचा पाठलाग करणारा नवं अकाउंट उघडतो. अकाउंट प्रायव्हेट करण्याचा मार्ग तिला नव्हता, कारण व्यावसायिक अकाउंट प्रायव्हेट होत नाही. गिऱ्हाइकांना ते दिसायलाच हवं.

चौथं अकाउंट आलं तेव्हा आम्ही क्रम बदलला. तिने एकच मेसेज पाठवला: "मला तुमच्याशी बोलायचं नाही. यापुढे संपर्क करू नका." त्यानंतर एक शब्दही लिहिला नाही. हा मेसेज फार मोलाचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार, स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुषाने पुन्हापुन्हा संपर्क साधणं किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास 3 वर्षांपर्यंत आणि त्यानंतर 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नकार लेखी असला की तो सिद्ध करायला सोपा जातो. मग सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट काढले. प्रत्येकात त्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसेल असं पाहिलं. प्रोफाइलची लिंकही वहीत लिहून ठेवली.

आणि मग ब्लॉक न करता त्याला रिस्ट्रिक्ट केलं. 2019 मध्ये आलेली ही सोय अशाच प्रसंगासाठी आहे. रिस्ट्रिक्ट केलेल्याला त्याची सूचना जात नाही. त्याने कमेंट केली तर ती त्याची त्यालाच दिसते; आपण मंजूर केली तरच इतरांना. त्याचे मेसेज विनंत्यांच्या कप्प्यात जाऊन पडतात. आपण ऑनलाइन आहोत का, मेसेज वाचला का, हे त्याला कळत नाही. तो तीन आठवडे लिहीत राहिला आणि पुरावा आपोआप साठत गेला. मात्र रिस्ट्रिक्ट केल्याने आपल्या पोस्ट आणि स्टोरी त्याच्यापासून लपत नाहीत. म्हणून स्टोरी त्याच्यापुरती वेगळी लपवली आणि मेंदी काढायला जाते त्या हॉलचं नाव टाकायचं ते काम आटोपून घरी आल्यावरच, असं ठरवलं.

रिपोर्ट करताना नुसतं प्रोफाइल रिपोर्ट करू नये. ज्या मेसेजमध्ये धमकी किंवा घाण शब्द आहेत, तोच मेसेज दाबून धरून Report निवडावं आणि खरं तेच कारण द्यावं. कोणी रिपोर्ट केलं हे समोरच्याला सांगितलं जात नाही. किती जणांनी रिपोर्ट केलं यावर मजकूर काढायचा की नाही हे ठरत नाही.

हे मी मुद्दाम सांगते, कारण तिच्या मैत्रिणींनी त्याचा फोटो आणि मोबाइल नंबर तिच्याच स्टोरीवर टाकून "सगळ्यांनी रिपोर्ट करा" असं आवाहन करायचं ठरवलं होतं. राग अगदी खरा होता. पण दुसऱ्याचा नंबर उघड करणं आणि शिवीगाळ करणं हा नियमभंगच. मग त्याने उलट तक्रार केली तर पोस्ट हिची उडते आणि डाग हिच्या अकाउंटला लागतो. आपल्या अकाउंटवर अशी कारवाई झाली आहे का, ते सेटिंगमध्ये Account Status या नावाखाली दिसतं. ते अधूनमधून पाहावं. प्रोफाइल कोण बघतं ते सांगणाऱ्या ॲपला तर पासवर्ड देऊच नये. असं ॲप अकाउंटच पळवू शकतं.

पुरावा पुरेसा जमल्यावर तिने ब्लॉक केलं आणि त्यात, त्याची इतर आणि पुढे उघडली जाणारी अकाउंटही ब्लॉक करण्याचा पर्याय निवडला. याने प्रत्येक नवं अकाउंट अडेल असं नाही, पण बरीच अडतात. स्क्रीनशॉट आणि वही घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार cybercrime.gov.in वरही करता येते. मात्र तो माणूस तुमच्या घराजवळ किंवा कामाच्या ठिकाणी दिसला, तर यातल्या कशाचीच वाट न पाहता 112 लावा.

तुमच्या किंवा घरातल्या मुलीच्या फोनमध्ये असे मेसेज असतील, तर कितीही किळस आली तरी ते आज पुसू नका.