नव्वद जीबीचा गेम उतरायला किती वेळ?

ब्रॉडबँडच्या प्लॅनवर लिहिलेला वेग मेगाबिटमध्ये असतो आणि गेमचा आकार गिगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून प्लॅनच्या आकड्याला आठाने भागले की दर सेकंदाला किती मेगाबाइट येतील ते कळते. १०० मेगाबिटच्या प्लॅनवर १२.५ मेगाबाइट. पडद्यावर हा फरक एका अक्षरापुरताच दिसतो: Mbps मधला छोटा b बिटचा, MB/s मधला मोठा B बाइटचा. शंभरचा प्लॅन घेतलेल्या घरी डाउनलोडचा आकडा बाराच्या आसपास दिसला की कंपनीने फसवले असे वाटते, पण तक्रार नोंदवण्याआधी हे अक्षर पाहिलेले बरे. स्टीममध्ये वेग बिटमध्ये दाखवायचा की बाइटमध्ये, हे सेटिंगमधून ठरवता येते, त्यामुळे एकाच घरातल्या दोन कॉम्प्युटरवर दोन वेगळे आकडे दिसू शकतात.

आता ९० जीबीचा गेम घेऊ. एका जीबीचे हजार मेगाबाइट धरले तर ९०,००० भागिले १२.५, म्हणजे ७,२०० सेकंद, बरोबर दोन तास. प्रत्यक्षात यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की डेटा छोट्या पॅकेटमधून येतो आणि प्रत्येक पॅकेटवर पत्ता व इतर माहिती असते. लाइनच्या क्षमतेतले साधारण पाच-सहा टक्के त्यातच जातात, आणि साडेबाराऐवजी पावणेबारा मेगाबाइटच हाती लागतात. दुसरे कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. विंडोज एक जीबी म्हणजे १,०२४ गुणिले १,०२४ गुणिले १,०२४ बाइट धरते, इंटरनेटचा वेग मात्र सरळ दशमान पद्धतीने मोजला जातो. विंडोजला ९० जीबी दिसणारी फाइल दशमान हिशेबाने साडेशहाण्णव जीबीच्या पुढे जाते. दोन्ही गोष्टी धरल्या तर वेळ सव्वादोन तासांच्या आसपास येतो.

हे सगळे दर वेळी मांडत बसायची गरज नाही. प्लॅनच्या मेगाबिटला ०.४ ने गुणले की तासाला किती जीबी उतरतील ते मिळते, आणि वरच्या दोन्ही घटी त्यातच धरलेल्या असतात. १०० च्या प्लॅनवर तासाला ४० जीबी, ४० च्या प्लॅनवर १६. मात्र दुकानाच्या पानावर लिहिलेली जागा ही गेम बसवल्यानंतर लागणारी जागा असते. स्टीम फाइल दाबून लहान करून पाठवते, त्यामुळे उतरवायचा आकार बहुधा त्याहून कमी असतो. हिशेबाला डाउनलोड सुरू झाल्यावर दिसणारा आकडाच घ्यावा.

एवढे करूनही वेग बराच कमी दिसला, तर तो कुठे अडतो ते शोधावे लागते. त्याची सुरुवात कॉम्प्युटर केबलने थेट राउटरला जोडून स्पीड टेस्ट घेण्यापासून करावी. केबलवर ९० च्या पुढे आणि वायफायवर ३५-४० असा आकडा आला, तर दोष प्लॅनचा नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजाऱ्यांच्या राउटरचीही गर्दी असते आणि मध्ये भिंत आली की वेग आणखी घसरतो. ४० मेगाबिटवर तोच गेम साडेपाच तासांच्या आसपास घेईल.

केबलचीही एक खोड आहे. प्लॅन ३०० चा असूनही वेग पावणेबारा मेगाबाइटवरच ठाण मांडून बसला, तर जोडणी १०० मेगाबिटची झालेली असते. राउटरचा पोर्ट जुना असतो, किंवा केबलमधली एखादी तार तुटलेली असते. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिटचे काम चारांवर भागते, म्हणून तार तुटली तरी इंटरनेट बंद पडत नाही आणि कुणाला संशय येत नाही. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये Link speed समोर 100/100 (Mbps) दिसले की निदान झाले.

स्पीड टेस्ट चांगली आणि गेमच तेवढा अडखळतो, असे असेल तर डिस्ककडे पाहावे. स्टीमला आलेला डेटा उलगडून डिस्कवर लिहायचा असतो. जुनी हार्ड डिस्क मागे पडली की डाउनलोड शून्यावर येतो, डिस्क मात्र चालूच असते. स्टीमच्या आलेखात हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी दिसतात. संध्याकाळीच वेग पडत असेल आणि पहाटे पूर्ण मिळत असेल, तर मात्र कारण परिसरातल्या वापराच्या गर्दीत असते. जाहिरातीतला ‘पर्यंत’ हा शब्द अशा वेळेसाठीच असतो.

शेवटची मर्यादा प्लॅनच्या बारीक अक्षरांत सापडते. महिन्याचा ठरावीक डेटा संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग खाली आणला जातो. समजा तो १ मेगाबिटवर आला, तर तासाला ०.४ जीबी, आणि ९० जीबीच्या गेमला २२५ तास, म्हणजे नऊ दिवसांहून अधिक.