हजार प्रती की दोन हजार?

पुस्तक छापायला टाकताना प्रकाशक प्रेसकडून दोन-तीन आकड्यांचे दर मागतो. पाचशे प्रतींना किती, हजाराला किती? दर हातात आले की एक गोष्ट लगेच दिसते: प्रती दुप्पट झाल्या, तरी बिल दुप्पट होत नाही. मग वाटतं, आणखी छापू, प्रत आणखी स्वस्त पडेल. ती कुठवर स्वस्त होते, हे त्याच दोन दरांतून काढता येतं.

एक उदाहरण धरू. अक्षरजुळणीपासून बांधणीपर्यंत सगळं काम एकाच प्रेसला दिलं आहे. पाचशे प्रतींचं बिल 70,000 रुपये आणि हजार प्रतींचं 1,00,000. म्हणजे वाढीव पाचशे प्रतींना 30,000 रुपये लागले, प्रतीमागे 60. हा झाला बदलता खर्च: कागद, शाई, बांधणी. आता हजार प्रतींच्या बिलातून 60,000 वजा केले, तर 40,000 उरतात. हा स्थिर खर्च. एक प्रत छापा किंवा दहा हजार, तो होणारच. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, ऑफसेटच्या प्लेट्स हे त्यात येतं. त्यात थोडा कागदही असतो, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मशीन सुरू झाल्यावर शाई नीट बसेपर्यंत, रंग एकमेकांवर जुळेपर्यंत सुरुवातीचे ताव वाया जातात. किती प्रती छापायच्या आहेत याच्याशी त्या तावांचा संबंध नसतो. म्हणून कागद असूनही तो खर्च स्थिर बाजूलाच धरायला हवा.

x प्रतींचा एकूण खर्च 40000 + 60x. त्याला x ने भागलं की सरासरी खर्च मिळतो:

(60x + 40000) / x = 60 + 40000/x

अंशात x, छेदातही x, अशा मांडणीला गणितात परिमेय फलन म्हणतात. उजवीकडची बाजू पाहिली की सगळा उलगडा होतो. साठ रुपये जागचे हलत नाहीत. कमी होतो तो फक्त 40,000 चा प्रतीमागचा वाटा. पाचशे प्रतींना सरासरी 140 रुपये पडतात, हजाराला 100, दोन हजारांना 80, चार हजारांना 70 आणि आठ हजारांना 65. आलेख काढला तर वक्र साठाच्या आडव्या रेषेकडे झुकत जातो, तिला टेकत मात्र नाही. ही त्याची अनंतस्पर्शी रेषा.

साठाच्या वर उरलेलं अंतर पाहा: 80, 40, 20, 10, 5. प्रती दुप्पट झाल्या की अंतर निम्मं होतं. पाचशेवरून हजारावर जाताना प्रतीमागे 40 रुपये वाचले. चार हजारांवरून आठ हजारांवर जाताना, चार हजार जास्त प्रती छापूनही, फक्त 5 वाचले. साठाच्या वर एकच रुपया उरावा असं वाटत असेल, तर चाळीस हजार प्रती छापाव्या लागतील. आणि त्या अंतराला प्रतींनी गुणलं की प्रत्येक वेळी 40,000 च येतात. स्थिर खर्च कुठेही नाहीसा होत नाही, फक्त पातळ पसरतो.

हा हिशोब खरा ठरतो तो दर सरळ असतील तोवर. कागद जास्त घेतला म्हणून स्वस्त मिळाला, तर साठाची रेषाच खाली सरकते. काम मोठं म्हणून जादा पाळी लावावी लागली, तर ती वर चढते. हे ओळखायला तिसरा दर मागवावा. आपल्या उदाहरणात दोन हजार प्रतींना 1,60,000 यायला हवेत. आकडा बराच वेगळा आला, तर मधे काहीतरी बदललं आहे. काय, ते प्रेसला विचारावं.

दुसरी मर्यादा प्रकाशकाला जास्त झोंबते. वरचा x हा छापलेल्या प्रतींचा आहे, खपलेल्या नव्हे. दोन हजार छापल्या आणि आठशेच खपल्या, तर 1,60,000 रुपये त्या आठशेंवर पडतात. खपलेल्या प्रतीमागे 200. हजारच छापल्या असत्या, तर त्याच आठशे प्रती 125 ला पडल्या असत्या. ‘ऐंशीला पडते’ म्हणून घेतलेला निर्णय तिथे फार महाग ठरतो.

त्यामुळे खपाचा अंदाज नसेल, तर आधी हजार छापून पुढे पुनर्मुद्रण करणं मला शहाणपणाचं वाटतं. त्या वेळी अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठ तयारच असतं. नव्या प्लेट्स आणि मशीनची जुळवणी यांचे, समजा, 15,000 पुन्हा लागतील. दुसऱ्या हजारांना 75,000, म्हणजे दोन्ही मिळून 1,75,000. एकदम दोन हजार छापण्यापेक्षा 15,000 जास्त. पण पुस्तक चाललंच नाही, तर कागद आणि बांधणीत अडकले असते ते 60,000 रुपये हातात राहतात.