शंभर पॉइंटचं त्रैराशिक

एक इंच म्हणजे 72 पॉइंट. मग 72 पॉइंटमध्ये टाइप केलेलं अक्षर कागदावर एक इंच उंच यायला हवं. प्रिंट काढून पट्टी लावली, तर ते एक इंच भरत नाही. शिरोरेघेपासून कान्याच्या टोकापर्यंत मोजलं तर बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये ते पाऊण इंचाच्याही आत राहतं. यात प्रिंटरचा दोष नाही आणि सॉफ्टवेअरचाही नाही. पॉइंटमध्ये मोजली जाते ती अक्षराची उंची नव्हेच.

याचं मूळ शिशाच्या खिळ्यांत आहे. छापखान्यातला जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. अक्षर खिळ्याच्या माथ्यावर कोरलेलं असे, पण माप घेतलं जाई ते खिळ्याच्या अंगाचं. कारण ओळीत शेजारी शेजारी बसायचे ते खिळे, आणि ते सारख्या मापाचे नसतील तर ओळ वाकडी होणार. अक्षर माथ्यावरची सगळी जागा कधीच भरत नसे. त्याच्या वर आणि खाली थोडी मोकळी जागा राहायची. संगणक आला आणि शिसं गेलं, तरी हा हिशेब तसाच राहिला. आज प्रत्येक अक्षराभोवती एक न दिसणारी चौकट असते आणि फॉन्टची साइज म्हणजे त्या चौकटीची उंची. देवनागरीत तर या चौकटीला बरंच सांभाळावं लागतं: वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार आणि एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं. मधल्या मुख्य अक्षराच्या वाट्याला उरलेली जागा येते, आणि ती किती ठेवायची हे फॉन्ट बनवणारा ठरवतो. म्हणून एकाच साइजचे दोन मराठी फॉन्ट शेजारी ठेवले तर एक ठसठशीत दिसतो आणि दुसरा अंग चोरून बसल्यासारखा.

चौकटीचं गणित मात्र सरळ आहे. पॉइंटला 72 ने भागलं की इंच मिळतात, 0.3528 ने गुणलं की मिलिमीटर. 36 पॉइंट म्हणजे अर्धा इंच, म्हणजेच 12.7 मिलिमीटर. उलट जायचं असेल तर मिलिमीटरला 2.835 ने गुणायचं. पॉइंट पूर्वी सगळीकडे सारखा नव्हता. युरोपातला दिदो पॉइंट जवळपास 0.376 मिलिमीटरचा होता आणि अमेरिकन छापखान्यांचा पॉइंट आजच्यापेक्षा केसभर लहान. 1980 च्या दशकात पोस्टस्क्रिप्ट आणि मॅकिंटॉशबरोबर इंचाचा बरोबर बहात्तरावा भाग रूढ झाला आणि आज डीटीपीच्या कामात तोच चालतो. जुन्या पुस्तकात वेगळा आकडा दिसला तर गोंधळून जायचं कारण नाही. पोस्टरवर तो फरक डोळ्याला कळतही नाही.

डोळ्याला कळतो तो चौकट आणि अक्षर यांतला फरक. तो काढायचा उपाय शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे. जो फॉन्ट वापरायचा आहे त्यात आपलं शीर्षक 100 पॉइंटमध्ये टाइप करा, प्रिंट काढा आणि स्टीलची पट्टी घेऊन शिरोरेघेच्या वरच्या कडेपासून कान्याच्या खालच्या टोकापर्यंत मोजा. उकार आणि वेलांट्या धरायच्या नाहीत. समजा 22 मिलिमीटर भरले. चौकट 35.28 मिलिमीटरची आहे, अक्षर 22 चं. आता या फॉन्टपुरतं तुम्हाला कोणतंही सूत्र लक्षात ठेवावं लागणार नाही: हवी असलेली उंची गुणिले 100, भागिले 22. फॉन्ट बदलला की मात्र नव्याने मोजायचं.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. सोसायटीच्या लिफ्टजवळ ए3 कागदावर सूचना लावायची आहे, शीर्षक आहे ‘गुरुवारी पाणी बंद’. पाट्या रंगवणाऱ्यांचा एक ढोबळ ठोकताळा असा की दहा फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर एक इंच उंच हवं. फाटकातून येणारा माणूस दहा फुटांवरून पाहील असं धरलं, तर आपल्याला 25 मिलिमीटरचं अक्षर लागेल. सूत्रावर विसंबून 25 ला 2.835 ने गुणणारा माणूस 71 पॉइंट ठेवेल आणि कागदावर त्याला जेमतेम साडेपंधरा मिलिमीटरचं अक्षर मिळेल. त्रैराशिकाने उत्तर येतं 114 पॉइंट.

पण 114 पॉइंटचं शीर्षक एका ओळीत मावेल का? तोच 100 पॉइंटचा प्रिंट पुन्हा घ्या आणि या वेळी रुंदी मोजा. समजा ती 215 मिलिमीटर भरली. साइज वाढली की रुंदीही त्याच प्रमाणात वाढते, तेव्हा 114 पॉइंटला ती 245 होईल. उभ्या ए3 ची रुंदी 297 मिलिमीटर. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधराचा समास सोडला तर 267 उरतात. मावतं. शीर्षक ‘गुरुवारी दिवसभर पाणी बंद’ असं असतं तर मावलं नसतं, आणि तेव्हा साइज कमी करण्यापेक्षा शब्द कमी करावा किंवा दोन ओळी कराव्यात, असं माझं मत. साइज कमी केली की दहा फुटांवरून वाचता येण्याचा सगळा हिशेब फुकट जातो.

खालचा मजकूर तीन फुटांवरून वाचायचा आहे. त्याच ठोकताळ्याने अक्षर साधारण साडेसात मिलिमीटरचं हवं, म्हणजे 34 ते 35 पॉइंट. ए3 वर 35 पॉइंट म्हटलं की अनेकांना ते फार वाटतं, कारण पुस्तकं आणि पत्रं वाचून डोळ्याला 12 पॉइंटची सवय असते. पण पत्र हातात धरतात, सूचना भिंतीवर असते. ओळींमधल्या अंतराला मात्र अक्षराची उंची नको, इथे चौकटीचंच सूत्र बरोबर लागू पडतं. इंग्रजीत ओळीचं अंतर साइजच्या 120 टक्के ठेवायची पद्धत आहे. मराठीत तेवढंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकू शकतो, म्हणून मी 140 टक्के धरतो. 35 चे 140 टक्के म्हणजे 49 पॉइंट, आणि 49 गुणिले 0.3528 म्हणजे सव्वासतरा मिलिमीटर. ए3 ची उंची 420. वरखाली समास आणि शीर्षकाची जागा सोडून 330 मिलिमीटर उरले, तर त्यात 19 ओळी बसतात. मजकूर लिहायला घेण्याआधीच हे कळलेलं बरं. वीस-बावीस ओळींचा मसुदा हाती आला तर तो छापण्याआधी कापता येतो.

मराठी आणि इंग्रजी एकत्र आले की आणखी एक घोळ होतो. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. डिझाइन करणारा दोन्हीकडे 100 पॉइंट ठेवतो आणि निश्चिंत होतो. पण एरियलसारख्या फॉन्टमधलं मोठं इंग्रजी अक्षर 100 पॉइंटला सव्वापंचवीस मिलिमीटर उंच असतं आणि आपल्या उदाहरणातलं मराठी अक्षर 22. आकडा सारखा, पाटीवर मात्र मराठी लहान. बरोबरीला यायलाच मराठीला 115 पॉइंट द्यावे लागतील. अशा वेळी सॉफ्टवेअरमधला आकडा दाखवत बसण्यापेक्षा पट्टी लावलेली बरी.

फ्लेक्सचं काम आलं की पॉइंट आणखी फसवे होतात, कारण फाइल बहुधा खऱ्या मापाची नसते. दहा बाय तीन फुटांचा बॅनर दहा बाय तीन इंचांच्या पानावर करतात आणि छापताना बारा पट वाढवतात. बॅनरवर नऊ इंच उंच अक्षर हवं असेल तर फाइलमध्ये ते पाऊण इंच, म्हणजे 19 मिलिमीटरचं हवं. त्रैराशिकाने 86 ते 87 पॉइंट. फ्लेक्सवर हीच साइज हजार पॉइंटच्या वर जाते. खऱ्या मापाची फाइल करायला बसलात तर सॉफ्टवेअरची मर्यादाही आडवी येऊ शकते: इलस्ट्रेटरमध्ये फॉन्ट साइज 1296 पॉइंटच्या पुढे जात नाही, म्हणजे 18 इंचांची चौकट आणि या फॉन्टमध्ये सव्वाअकरा इंचांच्या आसपासचं अक्षर. त्याहून मोठं हवं असेल तर अक्षरांचे कर्व्ह करून ओढून मोठं करायचं. कर्व्ह केले की पॉइंटचा आकडा नाहीसा होतो आणि राहतात ती फक्त खरी मापं. उलट, शंका असेल तेव्हा एक ‘ग’ टाइप करून त्याचे कर्व्ह केले की त्याची उंची पडद्यावरच इंचात किंवा मिलिमीटरमध्ये वाचता येते; प्रिंट काढायचीही गरज नाही.

शेवटी छापताना एक गळती राहते. पीडीएफ उघडून प्रिंट दिला की तिथे बऱ्याचदा Fit निवडलेलं असतं. प्रिंटर कागदाच्या कडेपर्यंत छापू शकत नाही, म्हणून सगळं पान थोडं आक्रसून छापलं जातं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. त्यासाठी फाइलच्या तळाशी बरोबर 100 मिलिमीटरची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. छापल्यावर ती 97 भरली तर आपलं 25 मिलिमीटरचं शीर्षक सव्वाचोवीसवर आलेलं आहे. Actual size निवडून पुन्हा छापायचं. ए3 ची सूचना दुसऱ्या जिन्यासाठी ए4 वर झेरॉक्स करायची असेल, तर ती 71 टक्के होणार हे ठरलेलंच: 71 मिलिमीटरची रेघ, 25 पॉइंटच्या आसपासचा मजकूर आणि सात फुटांच्या पुढून न वाचता येणारं शीर्षक. त्या जिन्यासाठी वेगळी फाइल करावी. दोन ओळींचं शीर्षक, निम्मा मजकूर, आणि पॉइंट पुन्हा तेच.