मोफत चाचणी घेताना काय तपासावे

पुण्यात शास्त्री रोडवरून किंवा सदाशिव पेठेतून चालताना अभ्यासिकांच्या जिन्यांत आणि झेरॉक्सच्या दुकानांबाहेर टेस्ट सिरीजच्या जाहिराती दिसतात. मजकूर ठरलेला असतो : नमुना पेपर पाहा, सविस्तर परफॉर्मन्स ॲनालिसिस मिळवा, पहिली चाचणी मोफत द्या, मग प्रवेश घ्या. विद्यार्थी मोफत चाचणी देतो, गुण बरे पडले की खूश होतो, कमी पडले की घाबरतो आणि दोन्ही वेळा पैसे भरतो. खरे तर त्या दिवशी परीक्षा त्या सिरीजची व्हायला हवी. ती कशी घ्यायची, हे एमपीएससीच्या गट-ब सेवा पूर्व परीक्षेच्या आधारे पाहू.

या पूर्व परीक्षेत शंभर प्रश्न, शंभर गुण आणि एक तास असतो. म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, सामान्य विज्ञान, चालू घडामोडी आणि अंकगणित-बुद्धिमापन एवढे सगळे त्या एका तासात बसवायचे असते. म्हणून इथे ज्ञानाइतकीच घड्याळाचीही परीक्षा होते, आणि चांगली सिरीज ओळखायची तीही याच कसोटीवर.

आधी नमुना पेपर. त्यातले प्रश्न अवघड आहेत का हे पाहू नका, प्रश्नातले चुकीचे पर्याय कसे बनवले आहेत ते पाहा. ‘73 वी घटनादुरुस्ती कधी लागू झाली?’ हा प्रश्न कोणीही काढू शकतो. उत्तर 24 एप्रिल 1993, पाठ असेल तर आले, नसेल तर नाही. त्याच विषयावरचा हा दुसरा प्रश्न बघा :

73 व्या घटनादुरुस्तीबाबत अयोग्य विधान ओळखा.
1) या दुरुस्तीने 29 विषयांची अकरावी अनुसूची संविधानात आली.
2) पंचायतींमध्ये महिलांसाठी एक तृतीयांशापेक्षा कमी नाहीत इतक्या जागा राखीव असतात.
3) पंचायतीची मुदत, आधी विसर्जित न झाल्यास, पाच वर्षांची असते.
4) नगरपालिकांच्या विषयांची बारावी अनुसूची याच दुरुस्तीने आली.

उत्तर आहे 4, कारण बारावी अनुसूची 74 व्या दुरुस्तीने आली. पण या प्रश्नाची खरी गंमत दुसऱ्या पर्यायात आहे. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना पन्नास टक्के आरक्षण आहे, हे आपल्या मुलांना चांगले ठाऊक असते. ते आठवले की ‘एक तृतीयांश’ चूक वाटते आणि हात 2 वर जातो. संविधानातली अट मात्र किमान मर्यादेची आहे, राज्याने त्याहून जास्त दिले तरी विधान योग्यच राहते. अर्धवट माहिती असलेला विद्यार्थी नेमका कुठे घसरेल, हे ओळखून हा पर्याय ठेवला आहे. असे पर्याय ज्या पेपरात पानोपानी दिसतात, त्यामागे आयोगाचे जुने पेपर नीट वाचलेला माणूस आहे असे समजावे.

त्या प्रश्नाच्या स्पष्टीकरणातही तीच कसोटी लावा. ‘उत्तर 4, बारावी अनुसूची 74 व्या दुरुस्तीने’ एवढेच लिहिले असेल तर ती नुसती आन्सर की झाली. दुसरा पर्याय बरोबर का, पन्नास टक्क्यांचा नियम कुठला आणि तो इथे का लागत नाही, हे लिहिले असेल तरच स्पष्टीकरण. सोबत राज्य मंडळाच्या कुठल्या इयत्तेच्या पुस्तकात किंवा संविधानाच्या कुठल्या अनुच्छेदात हे सापडेल याचा उल्लेख असावा. आणखी एक गोष्ट मराठी माध्यमाच्या मुलांनी जरूर पाहावी. इंग्रजीतून किंवा हिंदीतून घाईने उतरवलेला प्रश्न दोनदा वाचावा लागतो, आणि 36 सेकंदांच्या परीक्षेत दुसरे वाचन परवडत नाही. चार-पाच प्रश्न मोठ्याने वाचा, जीभ अडखळली की कळतेच.

आता परफॉर्मन्स ॲनालिसिस. जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत हेच असते, आणि मुलांची दिशाभूल सर्वांत जास्त इथेच होते, म्हणून यावर जरा थांबू.

उदाहरणादाखल एक उत्तरपत्रिका घेऊ. 82 प्रश्न सोडवले, 51 बरोबर, 31 चूक, 18 कोरे. 31 चुकांचे 7.75 गुण वजा जाऊन हाती आले 43.25. ॲपवर रंगीत आलेख येतो : राज्यव्यवस्था चांगली, इतिहास मध्यम, अंकगणित-बुद्धिमापन 15 पैकी 4, म्हणजे ‘कमकुवत विषय’. खाली सल्ला येतो, बुद्धिमापनाचा सराव वाढवा. बरेचदा त्याच्याही खाली बुद्धिमापनाच्या वेगळ्या कोर्सची लिंक असते.

समजा, या विद्यार्थ्याने पेपर सोडवताना प्रश्नपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नापुढे एक खूण केली होती. पक्के ठाऊक असेल तर टिक, दोन पर्यायांत अडकले असेल तर आडवी रेघ, नुसता तुक्का असेल तर प्रश्नचिन्ह. खुणांप्रमाणे मोजले तर चित्र पालटते. पक्के वाटलेले 40, त्यातले 36 बरोबर, 4 चूक, म्हणजे 35 गुण. दोन पर्यायांत अडकलेले 26, त्यातले 13 बरोबर, 13 चूक, म्हणजे 9.75. तुक्के 16, त्यातले 2 बरोबर, 14 चूक, म्हणजे उणे दीड. बेरीज तीच, 43.25.

तुक्के बंद केले असते तर दीड गुण वाचला असता, हे खरे. पण एका पेपरवरून तसा नियम करू नका. पाव गुणाच्या कपातीत पाच तुक्क्यांपैकी एक बरोबर आला की हिशेब शून्यावर येतो. 16 तुक्क्यांत निव्वळ नशिबाने चार बरोबर यावेत आणि एक गुण मिळावा, इथे दोनच आले. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत एक तृतीयांश गुण वजा होतात, तिथे 16 पैकी चार बरोबर आले तरी हाती शून्यच उरते. त्यामुळे यूपीएससीवाल्यांचा तुक्क्यांविषयीचा सल्ला एमपीएससीला जसाच्या तसा लावता येत नाही. स्वतःचे तुक्के किती लागतात, हे चार-पाच पेपरांची बेरीज केल्यावरच कळते. आडव्या रेघेचे प्रश्न मात्र बिनधास्त सोडवावेत. निम्मे चुकूनही त्यांनी जवळपास दहा गुण दिले आहेत.

आता ते 18 कोरे प्रश्न. त्यांतले 11 अंकगणित-बुद्धिमापनाचे होते. विद्यार्थ्याने हा विभाग शेवटाला ठेवला होता आणि वेळ संपली. दुसऱ्या दिवशी शांतपणे, घड्याळ न लावता तेच 11 प्रश्न सोडवले तर 8 बरोबर आले. सोडवलेले चार तर चारही बरोबर होतेच. मग हा विषय कमकुवत कसा? तो पेपरात पोहोचलाच नव्हता. ॲपने चुकलेला प्रश्न आणि न पाहिलेला प्रश्न एकाच रकान्यात टाकला आणि निदान उलटे आले. या मुलाने बुद्धिमापनाचा कोर्स घेतला असता तर पैसे गेले असते आणि पुढच्या पेपरातही ते 11 प्रश्न कोरेच राहिले असते. त्याने करायचे ते एवढेच : हा विभाग मधे आणायचा, त्याला सतरा-अठरा मिनिटे बांधून द्यायची आणि इतिहासाच्या लांबलचक विधानांपुढे अडून बसायचे नाही.

म्हणून मोफत चाचणीचा निकाल आला की चूक आणि कोरे वेगळे दाखवले आहेत का, प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ दाखवला आहे का आणि उत्तर किती वेळा बदलले ते दिसते का, हे तीन तपशील शोधा. ते असतील तर विश्लेषण कामाचे. नसतील तर विषयवार टक्केवारी वहीतही काढता येते.

रँकविषयी तर स्पष्टच सांगतो, तिच्यावर फार विसंबू नये. ‘महाराष्ट्रात 212 वा’ असे दिसले तरी ती त्या सिरीजमध्ये बसलेल्यांतली रँक असते. कोणी घरी चहा पीत पेपर दिलेला असतो, कोणी पुस्तक उघडे ठेवून, कोणी तोच पेपर दुसऱ्यांदा. शिवाय स्क्रीनवर बोट लावले की उत्तर नोंदले जाते, प्रत्यक्ष परीक्षेत काळ्या बॉलपेनने ओएमआर शीटवर गोळे भरायचे असतात. एका गोळ्याला पाच सेकंद धरले तरी 82 गोळ्यांना जवळपास सात मिनिटे लागतात. ऑनलाइन चाचणी देणार असाल तर कोऱ्या ओएमआर शीटची झेरॉक्स शेजारी ठेवून तिच्यावरही गोळे भरा, नाहीतर गुण फुगलेले दिसतील.

मोफत चाचणीतही एक गोष्ट मागून घ्यावी लागते. दाखवायला ठेवलेला पहिला पेपर बहुतेक वेळा सर्वांत निगुतीने काढलेला असतो. घाईची पडझड पुढे, दहाव्या-बाराव्या पेपरात दिसते : तेच प्रश्न पुन्हा, जुन्या चालू घडामोडी, चुकीच्या की. म्हणून मधला एखादा पेपर दाखवा असे सरळ म्हणा. दिला नाही तर सावध व्हा. चुकीची उत्तरे कशी दुरुस्त करता, हेही विचारा. आयोग स्वतः पहिली उत्तरतालिका जाहीर करतो, हरकती मागवतो, काही प्रश्न रद्द करतो आणि मग अंतिम उत्तरतालिका लावतो. जिथे आयोगाला दुरुस्ती करावी लागते तिथे ‘आमच्या पेपरात चुका नसतात’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

मोफत ट्रायल सुरू करताना यूपीआय ऑटोपेला परवानगी मागितली तर मुदत संपल्यावर पैसे आपोआप कापले जाणार, हे गृहीत धरा. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण अभ्यासाच्या गडबडीत ती नजरेतून सुटते. नको असेल तर यूपीआय ॲपमध्ये जाऊन परवानगी त्याच दिवशी रद्द करा.

जाहिरातीतल्या यशस्वी उमेदवारांच्या फोटोंबाबतही नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार फोटोसोबत त्या उमेदवाराने कोणता कोर्स केला, किती काळ केला आणि पैसे भरून केला की नाही, हे सांगावे लागते. हा तपशील नसेल तर विचारा. फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

आणि कुठल्याही सिरीजचे पैसे भरण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावरचे जुने पेपर अंतिम उत्तरतालिकेसह उतरवून घ्या. ते फुकट आहेत. त्यातले निदान तीन पेपर घड्याळ लावून, खुणा करून सोडवा आणि वरच्यासारखा हिशेब वहीत मांडा. मग मोफत चाचणी द्यायला बसा.