व्होल्टची बेरीज कुठे चुकते

टॉर्चमधला जाडजूड सेल आणि भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल शेजारी ठेवून पाहावेत. आकारात केवढा तरी फरक, पण दोन्हींवर छापलेले असते १.५ व्होल्ट. मोठ्या सेलमध्ये रसायने जास्त, म्हणून तो जास्त दिवस पुरतो. प्रत्येक इलेक्ट्रॉनमागचा रेटा मात्र दोन्हींत सारखाच.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला इलेक्ट्रोड पोटेन्शियलवर एक साधा दिसणारा प्रश्न विचारतात, तो नेमका याच गोष्टीवर. १८३६ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी जस्त आणि तांबे वापरून एक घट बनवला. त्यात जस्त विरघळते आणि द्रावणातले तांबे पट्टीवर जमा होते. हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडला शून्य धरले, की तांब्याचे प्रमाण विभव येते +०.३४ व्होल्ट आणि जस्ताचे −०.७६. दोन्हींतला फरक १.१० व्होल्ट. प्रश्न असा: या अभिक्रियेचे समीकरण दोनने गुणले, तर घटाचा विभव किती?

अनेक उत्तरपत्रिकांत २.२० लिहिलेले सापडते. समीकरण दुप्पट केले की ऊर्जा दुप्पट होते, हे खरेच आहे. एक मोल जस्त विरघळताना दोन मोल इलेक्ट्रॉन सरकतात. एक मोल इलेक्ट्रॉनांचा भार सुमारे ९६,५०० कूलोम असतो, म्हणून मिळणारी ऊर्जा २ × ९६,५०० × १.१०, म्हणजे साधारण २१२ किलोज्यूल. दोन मोल जस्ताला ती ४२५ किलोज्यूलच्या आसपास जाते. पण तेव्हा इलेक्ट्रॉनही चार मोल झालेले असतात. व्होल्ट म्हणजे एका कूलोममागे मिळणारे ज्यूल. वरची आणि खालची दोन्ही संख्या दुप्पट झाल्या, तर भागाकार तिथेच राहतो: १.१०.

इथवर बहुतेकांना पटते. खरी कसोटी लोखंडाच्या प्रश्नात लागते, आणि तो या धड्यातला सर्वांत चांगला प्रश्न म्हणावा असा आहे.

Fe³⁺ ने एक इलेक्ट्रॉन घेऊन Fe²⁺ होण्याचे प्रमाण विभव +०.७७ व्होल्ट. Fe²⁺ ने दोन इलेक्ट्रॉन घेऊन धातुरूप लोखंड होण्याचे −०.४४. तर मग Fe³⁺ ने तीन इलेक्ट्रॉन घेऊन थेट लोखंड होण्याचे किती? हात आपोआप बेरीज करतो आणि ०.३३ लिहून मोकळा होतो. हे उत्तर खरे असते, तर या जोडीच्या दृष्टीने लोखंड जवळजवळ तांब्याच्या पंक्तीला जाऊन बसले असते.

बेरीज करायची ती ऊर्जेची. पहिल्या पायरीत एक इलेक्ट्रॉन, म्हणून १ × ०.७७ = ०.७७. दुसऱ्या पायरीत दोन, म्हणून २ × (−०.४४) = −०.८८. दोन्ही मिळून −०.११. ही झाली तीन इलेक्ट्रॉनांची मिळकत. एकाच्या वाट्याला येते −०.११ भागिले ३, म्हणजे सुमारे −०.०४ व्होल्ट. उताराची वाट असेच मोजतात: एक किलोमीटर चढ आणि दोन किलोमीटर उतार असेल, तर सरासरी काढताना उताराला दुप्पट वजन द्यावेच लागते.

मग चाणाक्ष विद्यार्थी विचारतो: डॅनियल घटात तर सरळ वजाबाकी केली, तिथे का नाही भागाकार? शंका रास्त आहे. पूर्ण घटात एका बाजूने जितके इलेक्ट्रॉन सुटतात, तितकेच दुसरी बाजू घेते. ऊर्जेच्या हिशोबात दोन्ही विभवांना एकाच संख्येने गुणायचे आणि शेवटी त्याच संख्येने भागायचे, त्यामुळे ती संख्या न दिसताच निघून जाते. लोखंडाच्या प्रश्नात दोन अर्ध्या अभिक्रियांपासून तिसरी अर्धी अभिक्रियाच तयार होते. इलेक्ट्रॉन समीकरणात उरतात, आणि त्यांची संख्या एक, दोन, तीन अशी वेगवेगळी असते. म्हणून आकडे मांडण्याआधी अंतिम समीकरणात इलेक्ट्रॉन उरलेत का, एवढे पाहिले तरी पुरते. उरले असतील तर वजन देऊन भागाकार, नाहीतर सरळ वजाबाकी.

संहतीच्या प्रश्नात चूक होते ती चिन्हाची. डॅनियल घटात जस्ताचे द्रावण १ मोलर आणि तांब्याचे ०.०१ मोलर असेल, तर नेर्न्स्टच्या समीकरणाने २५ अंश सेल्सिअसला १.१० मधून ०.०५९२ भागिले २, गुणिले १०० चा लॉग, म्हणजे सुमारे ०.०६ वजा होतात. उत्तर १.०४. कुणाचे १.१६ आले, तर पुन्हा आकडेमोड करण्याआधी नुसता विचार करावा: जे तांबे वापरले जाणार तेच कमी केले आहे, मग रेटा वाढेल कसा? तांबे शंभरपट कमी होऊनही विभव इतका थोडा का उतरतो, याचेही उत्तर लॉगमध्येच आहे. घट वापरात असताना व्होल्ट बराच काळ टिकून राहतो आणि रसायन संपत आल्यावर झपाट्याने कोसळतो, तो याचमुळे.

लोखंडाच्या आकड्यांकडे परत वळले, की त्यांतून प्रयोगशाळेतली एक जुनी सवय उलगडते. लोखंडाचा कीस विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला तर Fe²⁺ तयार होईल की Fe³⁺? Fe²⁺ वाटेने रेटा ०.४४ व्होल्टचा, Fe³⁺ वाटेने जेमतेम ०.०४. शिवाय Fe²⁺ पासून पुढे Fe³⁺ होण्यासाठी आम्लातला हायड्रोजन आयन कामाचा नाही, कारण तिथे हिशोब ० − ०.७७ असा उणे येतो. म्हणून द्रावण फिकट हिरवेच राहते.

हवेतला ऑक्सिजन मात्र ते काम करू शकतो. आम्लात त्याचे प्रमाण विभव १.२३ व्होल्ट, म्हणजे ०.७७ हून बरेच वर. फेरस सल्फेटचे द्रावण उघडे राहिले तर दिवसागणिक पिवळट पडते, आणि त्या द्रावणाने केलेल्या टायट्रेशनचा आकडाही सरकतो. यावर उपाय म्हणून बाटलीत लोखंडाचा स्वच्छ खिळा टाकून ठेवतात. जितके Fe³⁺ तयार होईल तितके खिळा परत Fe²⁺ करतो: दोन Fe³⁺ आणि एक लोखंड मिळून तीन Fe²⁺. इथे इलेक्ट्रॉन समीकरणातून निघून जातात, म्हणून सरळ वजाबाकी: ०.७७ − (−०.४४) = १.२१ व्होल्ट.

विभव फक्त दिशा सांगतो, वेग सांगत नाही. त्यामुळे खिळा टाकल्या टाकल्या पिवळेपणा जात नाही. गंजाचा थर असेल तर आणखी वेळ लागतो. द्रावणात थोडे आम्लही असावे लागते, नाहीतर तपकिरी साका बसतो. त्याच आम्लाशी खिळा हळूहळू हायड्रोजनही सोडतो, म्हणून अशा बाटलीचे बूच घट्ट लावत नाहीत. आणि खिळा विरघळत असल्याने द्रावणातले लोखंड वाढत जाते, तेव्हा टायट्रेशनच्या दिवशी त्याची संहती नव्याने काढावी लागते.